साडेसहा डॉलरची जोडणी

२००९ सालचा आयफोन ३जी चीनमधल्या शेन्झेनमध्ये फॉक्सकॉनच्या कारखान्यात जोडला जाई. युचिंग शिंग आणि नील डेटर्ट या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये त्याचा हिशेब मांडला. एका फोनचा उत्पादनखर्च १७८.९६ डॉलर निघाला. त्यातले सुमारे १७२ डॉलर सुट्या भागांचे होते: तोशिबाची फ्लॅश मेमरी २४ डॉलर, सॅमसंगचा प्रोसेसर साडेचौदा डॉलरच्या आसपास, आणि असे बरेच काही. हे सगळे एकत्र बसवून चालू फोन हातात देण्याचे, म्हणजे जोडणीचे, फक्त साडेसहा डॉलर. फोनची किंमत ५०० डॉलर धरली, तर हा वाटा १.३ टक्के होतो.

इथे चटकन सुचणारे उत्तर असे, की स्क्रू पिळण्याच्या कामाला कोण जास्त देणार? काम सोपे, म्हणून मोबदला कमी. मला हे उत्तर अपुरे वाटते. त्याच दोघांनी एक प्रश्न विचारून पाहिला होता: हाच फोन अमेरिकेत जोडला आणि मजुरी दहापट झाली तर? जोडणीचा खर्च ६५ डॉलरवर जातो, एकूण खर्च साधारण २३७ डॉलर होतो. तरीही ५०० मधले सुमारे २६३ डॉलर उरतात. म्हणजे जोडणाऱ्याला जास्त द्यायला पैसे नव्हते, असे मुळीच नाही. पैसे होते, पण ते मागण्याची ताकद जोडणाऱ्याकडे नव्हती. आर्थिक समाजशास्त्राला रस आहे तो या ताकदीत.

ती कशी ठरते, हे पाहायला कारखान्याच्या आत जावे लागते. लाइनवर उभी असलेली कामगार हातातल्या इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हरने ठरलेल्या जागी ठरलेले स्क्रू बसवते आणि फोन पुढे सरकवते. तिचे काम इतके बारीक तुकड्यांत कापलेले असते, की नवी व्यक्ती थोड्याच दिवसांत तिची जागा घेऊ शकते. नेमकी हीच गोष्ट तिच्या मालकालाही लागू पडते, आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. आराखडा ॲपलचा, सॉफ्टवेअर ॲपलचे, बोधचिन्ह ॲपलचे. महत्त्वाच्या भागांचे भावही ॲपल थेट पुरवठादारांशी ठरवते. त्यामुळे भागांच्या खरेदीत चार पैसे सुटण्याची वाट जोडणाऱ्याला जवळपास बंद असते. वर पुढच्या काळात पेगाट्रॉनसारखे दुसरे जोडणारेही साखळीत आले. एकाने दर वाढवून मागितला, तर ऑर्डर शेजाऱ्याकडे वळवता येते.

मेमरी किंवा प्रोसेसर बनवणाऱ्याचे तसे नसते. त्या दर्जाचा माल देणारे जगात मोजके, आणि चिप कारखाना उभारायला वर्षे आणि अफाट भांडवल लागते. त्यांना सहज बदलता येत नाही, म्हणून भाव ठरवताना त्यांचे ऐकावे लागते.

यात आणखी एक पेच आहे. समजा, जोडणाऱ्याने युक्ती लढवून प्रत्येक फोनमागे दहा सेकंद वाचवली. खरेदीदाराला कारखान्याचा खर्च बाहेरून बऱ्यापैकी ठाऊक असेल, तर पुढच्या करारात तो दर तेवढा खाली ओढतो. कार्यक्षमता वाढते कारखान्यात, फायदा जमा होतो भलतीकडे. ‘आधी उत्पादकता वाढवा, मग पैसे मिळतील’ हा सल्ला म्हणूनच इथे फारसा चालत नाही.

एसरचे संस्थापक स्टॅन शिह यांनी १९९० च्या दशकात ‘स्मितरेषा’ काढून दाखवली होती: संशोधन आणि ब्रँड ही दोन टोके वर, मधली जोडणी खाली. रेषा लक्षात राहते खरी, पण मधला भाग खाली का, हे ती सांगत नाही. जणू तो निसर्गनियमच आहे!

हे आकडे वाचताना थोडे जपावे. भागांच्या किमती फोन उघडून केलेल्या अंदाजांवर उभ्या असतात, प्रत्यक्ष करारांवर नव्हे. ५०० मधून खर्च वजा जाता उरलेले ३२१ डॉलर हा निव्वळ नफा नाही. त्यातच संशोधन, जाहिरात, विक्री येते. साडेसहा डॉलरही सगळे मजुरीचे नाहीत, त्यात कारखान्याचा खर्च आणि नफा धरलेला आहे. आणि व्यापाराच्या आकडेवारीत मात्र १७८.९६ डॉलरचा पूर्ण फोन चीनची निर्यात म्हणून नोंदला जातो, मेमरी कुठलीही असो.

पुढे चीनचा वाटा वाढला. शिंग यांनीच नंतर आयफोन एक्सचा हिशेब केला, तेव्हा सुमारे ४०९ डॉलरच्या उत्पादनखर्चात चीनचे १०४ डॉलर निघाले, म्हणजे चौथा हिस्सा. पण ही वाढ मुख्यतः स्क्रू बसवणाऱ्या हातांना जास्त मोल मिळाल्याने झालेली नव्हती. मधल्या काळात चिनी कंपन्या बॅटरी पॅक आणि कॅमेऱ्याच्या मॉड्यूलसारखे भाग स्वतः पुरवू लागल्या होत्या.