पायांची आग पण होते आणि पाय बधिर पण, असं एकाच वेळी कसं?

आम्ही डायबेटिसवाल्यांसाठी चपला-बूट बनवतो, त्यामुळे दिवसभर लोकांचे पायच बघत असतो. माप घेताना सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे रात्री दोन्ही तळपायांची नुसती आग होते, झोप लागत नाही. म्हणून हे पत्रक.

एक काका आले होते, शुगर १५ वर्षांपासून. म्हणाले, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तळवे पेटतात, चादर घासली तरी सहन होत नाही, मग उठून गार फरशीवर पाय टेकवून बसतो. मापासाठी बूट काढला तर आतून एक छोटा स्क्रू पडला! सकाळपासून त्याच्यावरच चालत होते, तळव्याला लाल खड्डा पडलेला, आणि त्यांना पत्ताच नाही. चादर सहन होत नाही आणि स्क्रू कळत नाही, हे काय म्हणायचं, असं तेच विचारायला लागले.

तर बघा, हा त्रास नसांचा आहे, आणि इथे नस म्हणजे रक्ताची नळी नाही, संवेदना वाहून नेणारी नर्व्ह. पायाच्या बोटापर्यंत जाणारी नर्व्ह कमरेपासून निघते, जवळजवळ एक मीटर लांब, आणि तिच्या टोकाला लागणारं बरंचसं सामान वरून कमरेकडूनच येतं. आता स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, पण नर्व्हला लागत नाही, म्हणजे रक्तात साखर वाढली की नर्व्हमध्येही वाढणारच, अडवायला कोणी नाही. ही जादा साखर आत सॉर्बिटॉल नावाच्या पदार्थात बदलते आणि त्या कामात पेशीला झिजेपासून वाचवणारा साठा संपत जातो. शिवाय साखर प्रोटीनला चिकटून ते खराब करते, आणि नर्व्हला रक्त पुरवणाऱ्या केसापेक्षा बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, मग ऑक्सिजन कमी पडतो. वर्षानुवर्षं असं चाललं की सगळ्यात लांबचं टोक आधी उपाशी पडतं. म्हणून सुरुवात बोटांपासून, दोन्ही पायांना सारखीच, आणि मग मोजा चढवल्यासारखं हळूहळू वर सरकतं.

आता काकांचा प्रश्न. जी नर्व्ह आजारी आहे पण अजून जिवंत आहे ती काही कारण नसताना स्वतःच सिग्नल सोडत राहते, मेंदूला वाटतं पाय भाजतोय, आणि जी मेली ती काहीच कळवत नाही. एकाच तळव्यात दोन्ही प्रकारच्या असतात, म्हणून आग पण आणि बधिरपणा पण. दिवसा चालण्या-बोलण्यात लक्ष दुसरीकडे असतं, रात्री सगळं शांत झालं की तेच सिग्नल जोरात जाणवतात. आणि हे नीट लक्षात घ्या, औषध न घेता आग आपोआप कमी झाली तर दरवेळी ते बरं होणं नसतं, कधीकधी उरलेल्या नर्व्हही गप्प झालेल्या असतात.

डॉक्टर १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि घोट्याजवळ किंवा अंगठ्याला ट्यूनिंग फोर्क लावून तपासतात, दुखत नाही. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ची टेस्ट आठवणीने विचारा, कारण त्या गोळीने बी१२ कमी होऊ शकतं आणि त्याचीही लक्षणं अशीच असतात. आगीसाठी प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटिन, अॅमिट्रिप्टिलिन अशी औषधं डॉक्टर कमी डोसने सुरू करतात, किडनी वगैरे बघून. त्याने आग कमी होते, नर्व्ह दुरुस्त होत नाही. साधी पेनकिलर इथे फारशी चालत नाही, आणि रोज खाल्ली तर किडनीला त्रास, म्हणून मनाने घेऊ नका.

शुगर खाली आणायचीच, पण खूप जास्त असेल तर डॉक्टर सांगतील त्या वेगाने, कारण दोन-तीन महिन्यांत एचबीए१सी एकदम खाली आलं तर आग काही काळ उलट भडकू शकते. आणि गरम पाण्यात पाय बुडवून शेक तर अजिबात नको, बधिर पायाला पाणी किती गरम आहे तेच कळत नाही, फोड आल्यावर कळतं.

एकच पाय लाल, गरम आणि सुजलेला असेल तर मात्र ही नेहमीची आग नाही, दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा, आत हाड खचत असू शकतं किंवा इन्फेक्शन असू शकतं.

काकांचं बी१२ कमी निघालं, ते भरून काढलं, रात्रीची गोळी सुरू झाली, आता बऱ्याच रात्री झोप लागते म्हणतात. बधिरपणा आहे तसाच आहे, म्हणून बूट घालायच्या आधी उलटा करून आपटतात आणि आत हात फिरवून बघतात.