उरलेली अँटिबायोटिक आणि रोजची दुखण्याची गोळी

(बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांसाठी दसऱ्यानंतर भरलेल्या आरोग्य शिबिरात एका डॉक्टरांनी केलेलं बोलणं.)

मंडळी, तुमच्या पेटाऱ्यात आता भांडीकुंडी बांधली असतील, आणि त्यातच कुठेतरी एका जुन्या डब्यात गोळ्याही असतील. मागच्या हंगामात कुणाला ताप आला होता त्यातल्या तीन उरलेल्या, कुणाच्या गुडघ्याच्या, कुणाच्या दाढेच्या. फडावर कुणी आजारी पडलं की तो डबा उघडतो. दवाखान्यात गेलं तर दिवस जातो, खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. त्यामुळे तुम्ही डबा उघडता हे मला कळतं. मी फक्त डब्यातल्या दोन प्रकारच्या गोळ्या वेगळ्या करून दाखवणार आहे. एक अँटिबायोटिक, दुसरी दुखण्याची.

पट्टीवरून त्या ओळखता येतील असं वाटतं, पण तिथेच फसगत होते. अँटिबायोटिकच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, हे बऱ्याच जणांनी ऐकलंय. ते खरंही आहे. पण तशीच लाल रेघ डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळीवरही असते. त्या रेघेचा अर्थ एवढाच, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. आतली गोळी कुठली, हे रेघ सांगत नाही. ते नावावरून कळतं. शाळेत जाणाऱ्या पोराला पट्टीमागचं बारीक नाव वाचायला सांगा. शेवट ‘सिलिन’, ‘मायसिन’, ‘फ्लॉक्सासिन’ किंवा ‘सायक्लिन’ असेल, नाहीतर सुरुवात ‘सेफ’ने होत असेल, तर ती बहुतेक अँटिबायोटिक. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक, निमेसुलाइड ही सगळी दुखण्याची. पॅरासिटामॉल यांच्यापेक्षा वेगळं आहे, त्याच्याकडे शेवटी येतो.

आता या दोन गोळ्या करतात काय? अँटिबायोटिकला तुमच्या दुखण्याशी काही घेणंदेणं नाही. ती जिवाणूंना मारते किंवा त्यांची वाढ थांबवते, बस. सर्दी, पडसं आणि बहुतेक साधे ताप हे विषाणूंचे असतात, आणि विषाणूवर तिचा काहीच परिणाम होत नाही. तीन दिवसांनी ताप उतरतो तो आपोआप उतरतो, श्रेय मात्र गोळी घेऊन जाते. दुखण्याच्या गोळीचं याच्या अगदी उलट आहे. ती जंतूला हात लावत नाही, ती तुमच्याच शरीरात फेरफार करते. म्हणून एकीचे नियम दुसरीला लावले की नुकसान होतं.

आणि आपण नेमके तेच करतो. अँटिबायोटिक डॉक्टरांनी पाच दिवस दिलेली असते. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की आपण ती थांबवतो आणि उरलेल्या डब्यात टाकतो. दुखण्याची गोळी दोन दिवसांसाठी दिलेली असते, ती आपण अख्खा हंगाम रोज खातो. खरं तर बरं वाटलं म्हणून मनाने थांबवायची नाही ती अँटिबायोटिक, आणि बरं वाटलं की त्याच दिवशी थांबवायची ती दुखण्याची.

अर्धवट अँटिबायोटिकचं काय होतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. तुम्ही कापूस लावता. बोंडअळीवर हलकं औषध मारलं तर कच्च्या अळ्या मरतात, चिवट उरतात, आणि पुढच्या वर्षी त्याच चिवटांची पिलावळ बोंडात असते. 2017 साली गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. जिवाणूंचंही तसंच, फक्त त्यांची पिढी अळीसारखी महिन्याभराची नसते, तासाभराहूनही कमी वेळाची असू शकते. आणि ते एकट्यापुरते राहत नाहीत. दहा कोपी एका बांधाला लागून, पाण्याचा टाका एक, परसाकडे जायची जागा एक. तुमच्या पोटात चिवट झालेले जंतू शेजारच्या कोपीतल्या लेकरापर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

उरलेली गोळी दुसऱ्याला देण्यात आणखी एक गोष्ट घडते, ती म्हणजे आजार झाकला जातो. समजा कुणाला तीन आठवडे खोकला आहे. शेजारणीकडे लघवीच्या जळजळीसाठी दिलेल्या लिव्होफ्लॉक्सासिनच्या गोळ्या उरल्यात, त्या तिने मायेने दिल्या. हे औषध टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. खोकला कमी होतो, ताप उतरतो, माणूस महिनाभर पुन्हा मोळ्या वाहतो. त्या काळात टीबी आत वाढत राहतो, आणि वर तो याच औषधाला सरावू शकतो. साधी औषधं चालत नाहीत अशा टीबीसाठी डॉक्टर याच जातीचं औषध राखून ठेवतात. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर कुणाचीही गोळी नको. आधी थुंकीची तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. आणि मोठ्याची गोळी मोडून लेकराला अर्धी देणं हा तर हिशेबच नव्हे. लेकराचा डोस वजनावर ठरतो, आणि काही अँटिबायोटिक त्यांना द्यायच्याच नसतात.

आता दुखण्याच्या गोळीकडे येतो, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण माझ्या मते या मैदानात बसलेल्यांना तिचा धोका पहिल्या गोळीपेक्षा जवळचा आहे.

जिथे दुखतं तिथे शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य बनवतं. त्यामुळे सूज येते, कळ येते. गोळी ते बनणं थांबवते, म्हणून कळ थांबते. पण हेच द्रव्य आणखी दोन ठिकाणी कामाला असतं. जठरात ते आतल्या अस्तराचं आम्लापासून रक्षण करतं. आणि अंगातलं पाणी कमी झालं की ते मूत्रपिंडाकडे, म्हणजे किडनीकडे, रक्त नेणारी नळी रुंद ठेवतं, म्हणजे थोडक्या रक्तातही किडनीचं भागतं. गोळीला गुडघा कुठला आणि किडनी कुठली हे कळत नाही. ती सगळीकडेच ते द्रव्य बंद करते. जेवणानंतर घेतली म्हणून पोट वाचलं असं पुरतं होत नाही. इंजेक्शन घेतलं म्हणूनही नाही, कारण ते औषध रक्तातून जठरापर्यंत पोचतंच. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट झालं तर आत रक्तस्राव होतोय असं समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गिधाडं का नाहीशी झाली, हे इथल्या म्हाताऱ्यांनी कधी ना कधी विचारलं असेल. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात गेलं आणि त्यांच्या किडन्या बंद पडल्या. 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. गिधाड माणसापेक्षा त्या औषधाला फारच हळवं असतं, त्यामुळे एका गोळीने आपलं तसं होत नाही. पण घाव किडनीवरच पडतो, हे लक्षात राहावं म्हणून सांगितलं.

आता एक उदाहरण नीट पाहू. पंचेचाळीस वर्षांचे एक दादा आहेत असं धरा. बीपीसाठी रोज एक गोळी चालू आहे, त्यात टेल्मिसार्टन आहे आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही आहे. कंबर दुखते म्हणून सकाळ-संध्याकाळ असेक्लोफिनॅक चालू आहे. मार्चचा महिना, ऊन तापलंय, पहाटेपासून तोड चालू आहे, पाणी बेताचंच प्यायलंय. त्यात जुलाब लागले. शेजारच्या कोपीतून ‘जुलाबाची’ म्हणून ऑफ्लॉक्सासिनच्या उरलेल्या दोन गोळ्या आल्या.

आता आत काय चाललंय बघा. जुलाब आणि घामाने पाणी गेलं. लघवीच्या औषधाने उरलेलंही जातंय. दुखण्याच्या गोळीने किडनीत रक्त आणणारी नळी आवळली. टेल्मिसार्टनने किडनीतून रक्त बाहेर नेणारी नळी सैल केली, त्यामुळे आतला दाब आणखी उतरला. एरवी बीपीचं ते औषध चांगलं आहे आणि तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच दिलेलं आहे. या चार गोष्टी एकाच दिवशी एकत्र आल्या, ही अडचण. किडनी गाळणार कशी? आणि ऑफ्लॉक्सासिन? साध्या पाण्यासारख्या जुलाबाला बहुतेक वेळा तिची गरजच नसते. पाणी भरून काढायचं असतं, ते राहूनच गेलं. वर ही गोळी मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडते, म्हणजे किडनी थकली की तीही अंगात साचत राहते.

दादांना यातलं काही जाणवतं का? किडनी अशा वेळी दुखत नाही. लघवी कमी होते, गडद होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायावर, तोंडावर सूज येते, मळमळतं. दादा म्हणतात, अशक्तपणा आहे, आणि आणखी एक दुखण्याची गोळी घेतात. या टप्प्यावर कुणी ओळखलं, गोळी बंद केली, पाणी भरून काढलं, तर किडनी बहुतेक वेळा सावरते. रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं की नेमकं कळतं. हेच हंगामामागून हंगाम होत राहिलं तर मात्र ती पूर्ण सावरेलच असं नाही.

दादांनी करायला काय हवं होतं? जुलाब लागल्याबरोबर दुखण्याची गोळी बंद. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण रिकामं करून दिवसभर घोट घोट प्यायचं. पेलाभर पाण्यात चिमूटभर टाकून उपयोग नाही, प्रमाण चुकतं. बीपीची गोळी त्या एक-दोन दिवसांत चालू ठेवायची की थांबवायची, हे फोन करून विचारायचं, मनाने ठरवायचं नाही. शौचातून रक्त पडत असेल, किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नसेल, तर खाडा पडला तरी दवाखाना.

अंग फारच दुखलं तर? पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, मध्ये किमान सहा तास सोडून. ती किडनी आणि जठर यांना त्यामानाने सोसते, पण यकृताला जपावं लागतं. अंगाने बारीक असलेल्यांनी आणि रोज दारू घेणाऱ्यांनी दिवसाला चारच्या पुढे जायचं नाही. दुखण्याच्या पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, तेही मोजा. अंगदुखीसकट मोठा ताप आला तर पॅरासिटामॉलच, दुसरं काही नाही. डेंगी असेल तर बाकीच्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आणि ज्या बायांना दिवस गेलेत त्यांनी पाचवा महिना लागल्यावर दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये, पोटातल्या बाळाच्या किडनीवर परिणाम होतो.

आता डबे आणलेत त्यांनी उजवीकडच्या टेबलावर जा. तिथे सिस्टर आणि आशाताई आहेत, त्या उरलेल्या अँटिबायोटिक काढून घेतील आणि बदल्यात ओआरएसची पाकिटं आणि पॅरासिटामॉलची एक पट्टी देतील. बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असलेल्यांनी, आणि मागच्या हंगामात रोज दुखण्याची गोळी घेतलेल्यांनी आधी रक्त देऊन या. क्रिएटिनिनचा कागद उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल. तो मुकादमाकडे जाणार नाही, तुमच्याच हातात देणार आहोत.