सोनामुखीचा चहा आणि ‘पोटातलं विष’

नाशिकला रविवार कारंजाच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानात सोनामुखीची पानं कागदी पुडीत मिळतात. गंगापूर रोडला हीच पानं ‘२८ दिवसांचा डिटॉक्स टी’ या चकचकीत डब्यात असतात. डबा उलटा करून घटक वाचले तर ‘सेन्ना’ हे सोनामुखीचं इंग्रजी नाव बारीक अक्षरांत सापडतं. पुडी घेणाऱ्याला आपण जुलाबाचं औषध नेतोय हे ठाऊक असतं, डबा घेणाऱ्याला बहुधा नसतं.

आतड्यात मळ सडतो आणि त्याचं विष रक्तात भिनतं, ही कल्पना युरोपात १८८०च्या दशकात पॅरिसचे डॉक्टर शार्ल बुशार यांनी जोरात मांडली. लंडनचे सर्जन आर्बथनॉट लेन तर बद्धकोष्ठासाठी मोठं आतडंच कापून काढत. मग १९२२ साली अमेरिकेत डॉक्टर डोनाल्डसन यांनी काही निरोगी माणसांच्या गुदाशयात नुसता कापूस भरला. डोकेदुखी, सुस्ती, मळमळ, सगळी ‘विषाची’ लक्षणं आली. कापसात कसलं विष? लक्षणं गुदाशय ताणला गेल्यामुळे होती. डॉक्टरांनी सिद्धांत सोडला, विकणाऱ्यांनी तो जपून ठेवला.

आमच्या शेजारच्या काकूंनी असा डबा आणला. रात्री एक कप, सकाळी पोट साफ. आठवड्यात काटा दीड किलो खाली आला आणि काकू खूश. पण सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात, आणि जेवणातली ताकद त्याआधीच लहान आतड्यात शोषली गेलेली असते. म्हणजे गेलं ते पाणी आणि मळ, चरबी नव्हे.

खरी गोम पुढे आहे. डबा संपला आणि तीन दिवस काकूंना शौचाला झालीच नाही. जुलाबाने आतडं पूर्ण रिकामं केलं की ते पुन्हा भरायला दोन-तीन दिवस लागतातच. काकूंना मात्र वाटलं, कोठा जड झाला. दुसरा डबा आला, मग तिसरा.

तिसऱ्या डब्यात पायांत गोळे यायला लागले, जिना चढताना छातीत धडधड. त्यांना रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ती पोटॅशियम बाहेर टाकते, जुलाबही टाकतो. साधारण ३.५ च्या वर हवं ते पोटॅशियम २.९ निघालं. आणखी घसरलं असतं तर हृदयाचा ठोका चुकायची भीती होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “चहा कुठला पिता?” काकू म्हणाल्या, “औषध नाही हो, नुसता चहा आहे.”

दुर्बिणीने तपासलं तर असं महिनोन्‌महिने पिणाऱ्यांचं आतडं आतून काळपट दिसतं. चहा सोडल्यावर तो रंग काही महिन्यांत फिका होतो आणि स्वतः त्रास देत नाही. पण किती दिवस जुलाब घेणं चाललंय, ते डॉक्टरांना त्यावरून कळतं.

काकूंना चहा बंद करून पोटॅशियमचं औषध दिलं. चौथ्या दिवशी पोट आपसूक साफ झालं.