घोषवाक्य वेगळं, ओळख वेगळी

माझी मामेबहीण ठाण्यात, नौपाड्यात ब्लाउज शिवते. तिच्या इन्स्टाग्रामच्या पानावर नावाखाली एकच ओळ होती: ‘तुमच्या स्वप्नांना आमचा टाका’. खाली लग्नातल्या साड्यांचे सुंदर फोटो. आणि मेसेजमध्ये रोज एकच प्रश्न: ‘ही साडी केवढ्याला?’ ती साड्या विकतच नाही. तिची तक्रार अशी की लोक वाचत नाहीत. मला वाटतं, लोक नीट वाचत होते. तिथं वाचण्यासारखं काही लिहिलेलंच नव्हतं.

तिनं लिहिलं होतं ते घोषवाक्य. त्या जागेवर हवी होती ओळख. दोन्ही एकाच ओळीची असतात, दोन्ही नावाखाली बसतात, म्हणून गल्लत होते.

घोषवाक्य ओळखीच्या माणसासाठी असतं. ‘जिंदगी के साथ भी, जिंदगी के बाद भी’ यात विमा हा शब्दसुद्धा नाही, तरी चालतं, कारण एलआयसी १९५६पासून घराघरात आहे. ती कंपनी काय करते हे त्या ओळीला सांगावं लागत नाही. नौपाड्यातल्या एका शिलाई मशीनला ही चैन परवडत नाही.

ओळख अनोळखी माणसासाठी असते, आणि ती कशी लिहायची हे आपल्या जुन्या दुकानांच्या पाट्यांना पक्कं ठाऊक होतं. ‘येथे फॉल-पिको करून मिळेल.’ काय मिळेल आणि कुठे, एवढंच. हल्ली आपल्याला ही भाषा गावठी वाटते आणि आपण स्वप्नं विकायला बसतो.

दोन्हींतला फरक तपासायचा तर ती ओळ दुसऱ्याच धंद्यावर चिकटवून पाहावी. ‘तुमच्या स्वप्नांना आमचा टाका’ पडदे शिवणाऱ्याला चालेल, गोधडीवाल्यांना चालेल, थोडं ताणलं तर दातांच्या डॉक्टरांनाही. जी ओळ इतक्या ठिकाणी चपखल बसते ती ओळख नव्हे.

मग आम्ही बसून लिहिलं. इन्स्टाग्राम १५० अक्षरं देतं, पण मराठीत ती भराभर संपतात, कारण काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘ब्लाउज’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरी वाटला तरी मोजणीत सहा भरतात. आमचं पहिलं कच्चं लिखाण त्यामुळेच मावलं नाही. ‘आवडीनं, आपुलकीनं’ वगैरे शब्द आधी गेले. त्यांची कुणालाच उणीव भासली नाही. उरलं ते असं:

ब्लाउज शिवून मिळतील.
कापड तुमचं, शिलाई आमची.
नौपाडा, ठाणे.
साधा ८ दिवस, आरी वर्क ३ आठवडे.
माप द्यायला येण्याआधी व्हॉट्सॅप करा.

सगळं मिळून सव्वाशेच्या आसपास अक्षरं. ‘साड्या विकत नाही’ असं ती ठणकावून लिहिणार होती. मी म्हटलं, नको. ‘कापड तुमचं’ म्हटल्यावर ते आलंच, आणि दारातच नकार कशाला? ‘बुटीक’ हा शब्दही काढला. बुटीक म्हटलं की तयार कपड्यांचं दुकान की शिलाईचं, हे कळत नाही, आणि तिची अर्धी अडचण त्यातच होती. पहिल्या ओळीवर आम्ही सगळ्यांत जास्त वेळ घालवला, कारण मजकूर लांबला की पुढचा भाग झाकला जातो आणि बरेच जण तो उघडतच नाहीत.

गावाचं नाव का? माप द्यायला प्रत्यक्ष यावं लागतं म्हणून. लोणच्याच्या बरण्या कुरिअरनं जात असत्या तर तिथे ‘भारतभर पाठवतो’ असं लिहिलं असतं. दर मात्र ओळखीत घातले नाहीत. अस्तर, बाही, गळा यांनुसार ते बदलतात, आणि अर्धवट आकडा भांडण लावतो.

वर ठळक दिसणाऱ्या नावाच्या रकान्यात दुकानाच्या नावापुढे ‘ब्लाउज शिलाई, ठाणे’ जोडलं. तो रकाना शोधताना उपयोगी पडतो. तिथे घाई करू नये. १४ दिवसांत दोनदाच नाव बदलता येतं.

ओळख जमली की नाही हे येणाऱ्या पहिल्या मेसेजवरून कळतं. ‘तुमच्याकडे काय मिळतं?’ असं कुणी विचारलं तर ती फसली. आता बहिणीला येणारे प्रश्न असे असतात: ‘१४ तारखेला हळद आहे, आरी वर्क होईल का?’ साडीची किंमत विचारणारे अजून येतात, पण क्वचित.

आणि स्वप्नांचा टाका तिनं सोडलेला नाही. शिवून झालेला ब्लाउज ज्या कापडी पिशवीतून देते, त्या पिशवीवर तो छापून घेतलाय.