निर्मित उत्पादन-चित्रांतील विसंगतींची तपासणी

जनरेटिव्ह मॉडेलकडून पूर्णतः किंवा अंशतः तयार झालेले उत्पादनाचे चित्र क्लायंटकडे जाण्यापूर्वी त्यातील सावल्या, यथादर्शन म्हणजेच पर्स्पेक्टिव्ह, आणि वस्तूचे भाग जुळतात की नाही हे पाहण्याची पद्धत. चित्र खरे की बनावट हे ओळखण्याच्या न्यायवैद्यक तपासणीतून यातील बरीच तंत्रे आली आहेत, पण येथे हेतू वेगळा असतो. चित्र निर्मित आहे हे ठाऊकच असते. प्रश्न एवढाच की, चित्रातली वस्तू विकली जाणारी वस्तूच आहे का आणि ती त्या जागी खरोखर ठेवता आली असती का.

प्रत्यक्ष कामात सर्वाधिक आढळणारा प्रकार मिश्र चित्राचा आहे. उत्पादन स्टुडिओत टिपलेले असते, त्याचा कटआउट काढलेला असतो आणि भोवतालचे दृश्य मॉडेलने भरलेले असते. ही नोंद मुख्यतः याच प्रकाराविषयी आहे, कारण पूर्ण निर्मित चित्रात दिसणारे दोष यातही येतात आणि शिवाय दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचा व दोन वेगळ्या प्रकाशांचा संघर्ष त्यात भर घालतो.

डोळा का फसतो

अशी चित्रे बहुधा काढणारे डिफ्यूजन प्रकारचे मॉडेल असंख्य सपाट चित्रांवरून शिकते. दिवा कुठे आहे, टेबल किती उंच आहे असा त्रिमितीय हिशेब ते चित्र काढताना मांडत नाही. त्यामुळे चित्राचा कोणताही छोटा तुकडा स्वतंत्रपणे पटतो, पण दूरदूरचे तुकडे एकमेकांशी जुळतीलच याची खात्री नसते. तपासणाऱ्याची अडचण अशी की माणसाची नजरही काहीशी तशीच चालते. ऑस्ट्रोव्स्की, कॅव्हनॉ आणि सिन्हा यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दृश्यातील प्रकाशाच्या दिशेतली विसंगती लोकांच्या सहज लक्षात येत नाही असे दिसले. म्हणून ‘नीट बघितले, ठीक वाटले’ ही तपासणी धरता येत नाही. रेषा ओढाव्या लागतात आणि मापे घ्यावी लागतात.

क्रम

आधी भाग मोजावेत, मग यथादर्शन पाहावे, सावल्या शेवटी. हा क्रम दुरुस्तीच्या कष्टांवरून ठरतो. वाढीव भाग बहुधा पुसता येतो, सावली नव्याने रंगवता येते, पण चुकलेले यथादर्शन हाताने सुधारणे जवळजवळ अशक्य असते. चित्र तिथेच बाद होणार असेल, तर सावलीवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

पुढील विवेचनासाठी एक नमुना घेऊ. स्टीलची किटली, वर गोल झाकण आणि त्यावर मूठ, उजवीकडे दांडा, डावीकडे तोटी. स्टुडिओत डावीकडे मोठा सॉफ्टबॉक्स, म्हणजे मऊ प्रकाश देणारा दिवा, होता. मॉडेलने भोवती लाकडी टेबल, उजवीकडे मागे खिडकी, दोन कप आणि एक पुस्तक निर्माण केले आहे.

वाढीव भाग

कटआउटभोवती पार्श्वभूमी भरताना मॉडेल कडेला थांबतेच असे नाही. वस्तूचा रंग आणि पोत पाहून ते वस्तूच पुढे वाढवते. बाटलीची मान लांबते, खुर्चीला पाय फुटतो, पिशवीच्या पट्ट्याला एक जास्तीची कडी येते. मूळ पिक्सेल जसेच्या तसे असल्यामुळे, उत्पादनाला आपण हात लावलेला नाही अशी समजूत होते, आणि दोष नेमका याच समजुतीच्या आड राहतो.

यावरचा उपाय साधा आहे. मूळ कटआउटची बाह्यरेषा ठळक रंगात नव्या लेयरवर ठेवावी आणि तिच्या लगत बाहेरच्या अंगाने संपूर्ण फेरी मारावी. चित्र किमान शंभर टक्के आकारात असावे. किटलीच्या बाबतीत रेषेखाली स्टीलची एक पातळ कडा दिसली, म्हणजे मॉडेलने तिला नसलेली बैठक दिली होती. दांड्याचे खालचे टोकही रेषेबाहेर थोडे वळून पुढे गेले होते. रेषा नसताना ती बैठक इतकी स्वाभाविक वाटत होती की, किटली पूर्वी हाताळलेल्या माणसालाही ती खटकली नसती.

रेषेच्या आतला भाग बदलला आहे का, हे पाहण्यासाठी कटआउट निर्मित चित्रावर अचूक बसवून लेयरचा ब्लेंड मोड डिफरन्स करावा. जिथे काही बदललेले नाही तिथे काळे दिसते. कॉम्प्रेशनमुळे अंधुक दाणे दिसतात, त्याची काळजी नको. पण अक्षरे, स्क्रू किंवा झाकणाची फट यांचा आकार उजळून दिसला, तर तो भाग नव्याने काढला गेला आहे. बारीक तपशील आधी बिघडतात यालाही कारण आहे. अनेक मॉडेल चित्र आधी आकसून मग त्यावर काम करतात. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्तींत 512 × 512 पिक्सेलचे चित्र 64 × 64 च्या जाळीत बसवले जात असे, त्यामुळे काही पिक्सेलांचे अक्षर जाळीच्या एका घरातच सामावते.

चित्र पूर्ण निर्मित असेल तर बाह्यरेषा उपलब्ध नसते. अशा वेळी वस्तूच्या खऱ्या छायाचित्रावरून भागांची यादी करावी आणि प्रत्येक भागाचा उगमापासून टोकापर्यंत बोटाने माग काढावा. खुर्चीचे पाय नुसते मोजून भागत नाही. प्रत्येक पाय बैठकीला कुठे मिळतो हेही दिसले पाहिजे.

यथादर्शन

टेबलाच्या समांतर कडा वाढवल्या तर त्या एका व्हॅनिशिंग पॉइंटला मिळाव्यात, आणि आडव्या पृष्ठांवरील समांतर रेषांचे असे सर्व बिंदू एकाच क्षितिजरेषेवर यावेत, हा परिचित नियम. उत्पादन-चित्रांत मात्र त्याचा उपयोग मर्यादित आहे. लांब लेन्सने टिपलेल्या दृश्यात कडा जवळजवळ समांतर दिसतात, छेदबिंदू फार दूर जातो आणि रेषेतली किंचित चूक त्याला भलतीकडे नेते. शिवाय किटली, कप, बरणी, डबी अशा गोल वस्तूंना सरळ कडाच नसतात.

तिथे लंबवर्तुळ कामी येते, आणि माझ्या मते या क्षेत्रातील हीच सर्वांत उपयुक्त कसोटी आहे. आडवे वर्तुळ तिरके पाहिले की लंबवर्तुळ दिसते. त्याच्या उंचीला रुंदीने भागले की, कॅमेरा किती वरून पाहत होता याचा अंदाज येतो. ते गुणोत्तर म्हणजे त्या कोनाचे साइन मूल्य. कॅमेरा वस्तूंच्या वर असेल तर सारख्या अंतरावरचे खालचे वर्तुळ वरच्यापेक्षा अधिक गोल दिसते.

किटलीच्या झाकणाचे लंबवर्तुळ 400 पिक्सेल रुंद आणि 60 उंच आहे. गुणोत्तर 0.15, कोन सुमारे 9 अंश. तळाच्या कडेचे गुणोत्तर 0.19, कोन सुमारे 11 अंश. शेजारच्या कपाची कड 180 पिक्सेल रुंद आणि 81 उंच आहे, म्हणजे 0.45 आणि सुमारे 27 अंश. कपाची कड उंचीने किटलीच्या तळ आणि झाकण यांच्या मध्ये आहे, तेव्हा तिचे गुणोत्तरही 0.15 आणि 0.19 यांच्या आसपास हवे होते. कप कॅमेऱ्याजवळ असेल तर ते वाढते, हे खरे. पण इतके वाढण्यासाठी कप किटलीच्या जवळपास एक-तृतीयांश अंतरावर असायला हवा, आणि मग तो तिप्पट मोठा दिसला असता. तो तसा दिसत नाही. किटली जवळजवळ समोरून टिपलेली आहे आणि टेबल बऱ्याच वरून. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण किटली घसरते आहे किंवा हवेत आहे असे काहीतरी त्याला जाणवेल.

ही कसोटी चित्राच्या मध्यभागी अधिक विश्वासार्ह असते. वाइड लेन्सच्या चित्रात कोपऱ्यांतली लंबवर्तुळे खऱ्या छायाचित्रातही ताणलेली असतात.

सावल्या

सावलीवरील एखादा बिंदू आणि ती सावली पाडणारा वस्तूवरील नेमका बिंदू जोडून रेषा वाढवली तर ती चित्रातील प्रकाशाच्या स्थानातून जाते. एकच दिवा असेल तर अशा सर्व रेषा एका बिंदूत मिळायला हव्यात. प्रकाश कॅमेऱ्याच्या मागे असेल तर त्या उलट दिशेने मिळतात. छेदबिंदू बहुधा चौकटीबाहेर असतो, म्हणून कॅनव्हास दुप्पट-तिप्पट वाढवावा. टोके, कोपरे आणि मुठी निवडाव्यात. गोल अंगावर कोणता बिंदू कोणती सावली पाडतो हे ठरवता येत नाही.

मऊ सावलीत नेमका बिंदू सापडत नाही. तेव्हा एका रेषेऐवजी दोन रेषांची पाचर काढावी, ज्यात खरी रेषा नक्की असेल. केई, ओब्रायन आणि फरीद यांनी 2013 मध्ये मांडलेली पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. सर्व पाचरींना सामाईक जागा उरली नाही, तर सावल्या एका प्रकाशाच्या नाहीत.

किटलीच्या चित्रात कप, पुस्तक आणि किटली यांच्या टेबलावरच्या सावल्या या कसोटीत उतरतात. त्या सगळ्या उजवीकडच्या खिडकीकडे बोट दाखवतात, कारण त्या मॉडेलने एकाच वेळी काढल्या आहेत. येथेच थांबणारा तपासनीस चित्र पास करतो. दोष किटलीच्या अंगावर आहे. तिची डावी बाजू उजळ आणि उजवी काळोखी आहे, म्हणजे खिडकीच्या अगदी विरुद्ध. झाकणावरील मुठीची छोटी सावली उजवीकडे पडली आहे, तर किटलीची टेबलावरची सावली डावीकडे. शिवाय स्टीलमध्ये डावीकडे सॉफ्टबॉक्सचा उभा पांढरा पट्टा आहे, पण खिडकीचे प्रतिबिंब नाही आणि तळाजवळ लाकडाचा तपकिरी रंगही उतरलेला नाही. मिश्र चित्रात म्हणून पडलेली सावली आणि वस्तूवरचा छायाप्रकाश दोन्ही स्वतंत्रपणे पाहून मग एकमेकांशी ताडावे लागतात.

सावलीची कडही पाहावी. वस्तू जिथे टेकते तिथे ती गडद आणि रेखीव असते, दूर जाताना पसरते. सूर्यबिंब आकाशात साधारण अर्धा अंश रुंद दिसते, त्यामुळे उन्हात सावली पाडणारी कड पृष्ठापासून 1 मीटर दूर असेल तर सावलीच्या कडेचा धूसर पट्टा जेमतेम 9 मिलिमीटरचा होतो. खिडकीचा किंवा सॉफ्टबॉक्सचा प्रकाश याहून कितीतरी मऊ कड देतो. एकाच टेबलावर कपाची सावली धारदार आणि पुस्तकाची ढगाळ असेल, तर काहीतरी चुकले आहे.

मर्यादा आणि दुरुस्ती

खऱ्या स्टुडिओत दोन-तीन दिवे असतात आणि परावर्तकही. प्रत्येक वस्तूला दोन सावल्या असतील तर ते दोन दिवे आहेत. एकाच वस्तूला दोन असतील तर तो दोष आहे. अनेक छायाचित्रांतून जोडलेली रीटच केलेली चित्रेही या कसोट्यांत नापास होतात, म्हणून नापास होणे हा चित्र निर्मित असल्याचा पुरावा नव्हे.

नमुन्यातील किटलीची जादा बैठक आणि दांड्याचे टोक पुसून टाकता येईल. टेबल मात्र नव्याने निर्माण करावे लागेल, आणि ते करताना कॅमेरा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर, प्रकाश डावीकडून अशी अट घालावी लागेल. अनेक साधनांत डेप्थ मॅप, म्हणजे कोणता भाग कॅमेऱ्यापासून किती दूर आहे याचा नकाशा, देऊन मॉडेलला बांधता येते, त्याने कोन बऱ्यापैकी सांभाळला जातो. किटलीचे चित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटवून प्रकाश जुळवण्याचा मोह टाळावा. तोटी आणि दांडा बाजू बदलतात, अंगावरील अक्षरे उलटी होतात, आणि क्लायंटच्या हातात त्याची नसलेली किटली पडते.