पाचट जाळणे (कोल्हापूर परिसर)

ऊसतोडीनंतर फडात राहिलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवून देण्याची पद्धत. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागात भाताच्या तरव्यासाठी राब भाजतात; त्या रीतीतून ही पद्धत आली असावी, असे मानता येईल. तथापि राबासाठी पालापाचोळा बाहेरून आणून तणांचे बी मारण्यासाठी वाफा भाजतात, तर पाचट रान मोकळे करण्यासाठीच पेटवितात. त्यामुळे साखर कारखाने व उपसा सिंचन यांबरोबर उसाचे क्षेत्र वाढल्यावर ती रूढ झाली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हिवाळ्यात संध्याकाळी पेटविलेल्या फडाचा धूर रात्रीच्या थंड हवेत जमिनीलगत कोंडून राहतो व ऊन चढेपर्यंत हलत नाही. वाळत घातलेल्या कपड्यांवर पडणारी काजळी दिसते. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म कण दिसत नाहीत, आणि दमेकऱ्यांना खरा त्रास त्यांचाच होतो.

राखेने रानाला खत मिळते, हा समज अर्धाच खरा आहे. पालाश बऱ्याच अंशी राखेत उरते, पण सेंद्रिय कर्ब आणि नत्र धुराबरोबर जातात. एका एकरात सुमारे 4 टन पाचट निघते. त्यात नत्र 0.5 टक्के धरले, तरी 20 किलो नत्र, म्हणजे युरियाच्या 45 किलोच्या जवळजवळ एका पोत्याइतके, जळून जाते.

खोडवा ठेवायचा असल्यास पाचट सरीत दाबून बुडख्यांवरचा पाला बाजूला करतात, म्हणजे फुटव्यांना ऊन मिळते. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटतात. पाचटावर एकरी सुमारे 32 किलो युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट व 4 किलो पाचट कुजविणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी देतात. पहिले पाणी सरीत फार सावकाश सरकते, आणि अनेक जण इथेच धीर सोडून काडी लावतात; पाला एकदा भिजून बसला की ही अडचण कमी होते.

युरिया वगळल्यास पाला कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःसाठी ओढून घेतात व खोडवा पिवळा पडतो. या पिवळेपणाची सुरुवात जुन्या, खालच्या पानांपासून होते. कोवळी पाने पिवळी-पांढरी पडून शिरा हिरव्या राहिल्या, तर तो लोहाच्या कमतरतेने पडलेला केवडा होय. चुनखडीच्या रानात तो अधिक आढळतो, आणि त्यावर युरियाचा उपयोग होत नाही.

पाणी साचणाऱ्या काळ्या रानात चर काढल्याशिवाय पाचट ठेवू नये, कारण बुडखे कुजतात. खोडवा ठेवायचा नसेल, तर ट्रॅक्टरच्या यंत्राने पाचटाची कुट्टी करून ती मातीत मिसळतात.