शंभरापासून सुरू होणारी शर्यत

अक्षय्य तृतीया जवळ आली की फॅमिली ग्रुपवर एक आलेख हमखास येतो. सोन्याची रेघ आभाळाला भिडलेली, सेन्सेक्सची रेघ खाली रेंगाळत, आणि मजकूर: ‘मुहूर्ताचं सोनं कधी बुडवत नाही.’ मुहूर्ताचं जाऊ द्या, आलेखाचा मुहूर्त कोणता धरलाय ते बघा.

सोनं तोळ्याला रुपयांत, सेन्सेक्स अंकांत. दोन्ही एका आलेखात बसवायचे तर प्रत्येक आकड्याला त्याच मालिकेच्या पहिल्या आकड्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं. एककं कटतात आणि दोन्ही रेघा शंभरापासून निघतात. युक्ती इतकीच.

आता आकडे घालून बघू. 2007 च्या अखेरीस सेन्सेक्स 20,287 होता आणि दहा ग्रॅम सोनं साधारण 10,500 रुपये. 2020 च्या अखेरीस सेन्सेक्स 47,751, सोनं सुमारे 50,000. म्हणजे सेन्सेक्स 235 वर आणि सोनं 476 वर. ग्रुपवरचा आलेख खरा ठरला!

पण सुरुवात फक्त एक वर्ष पुढे सरकवा. 2008 च्या अखेरीस सेन्सेक्स 9,647 वर कोसळला होता, सोनं 13,500 च्या आसपास चढलं होतं. तिथे शंभर धरलं तर 2020 ला सेन्सेक्स 495 आणि सोनं 370. निकाल उलटा, आणि एकही आकडा खोटा नाही.

असं का होतं, हा मला यातला सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. पाया बदलला की अख्खी रेघ एका ठरावीक संख्येने गुणली जाते, आणि ही संख्या दोन्ही रेघांची वेगवेगळी असते. त्या एका वर्षात सेन्सेक्स शंभरावरून 48 वर आला आणि सोनं 129 वर गेलं. पहिल्या आलेखात ही दरी पुढची बारा वर्षं सोबत चालते. दुसऱ्यात ती पुसली जाते. म्हणून दोन रेघा कुठे छेदतात याला स्वतःचा काही अर्थ नसतो. पाया हलवला की छेदबिंदूही हलतो.

उभा अक्ष लॉगरिदमिक घेतला तर गुणाकाराची बेरीज होते: पाया बदलल्यावर रेघ नुसती वर-खाली सरकते, चढ तसाच राहतो. साध्या अक्षावर मात्र 400 वरून 440 ची उडी 100 वरून 140 इतकीच उंच दिसते. पहिली दहा टक्क्यांची, दुसरी चाळीस टक्क्यांची.

एका दिवसाची लहर पायात शिरू नये म्हणून ग्राहक किंमत निर्देशांकाच्या 2012 च्या मालिकेत अख्ख्या वर्षाची सरासरी 100 धरली होती. शिवाय नेहमीच्या सेन्सेक्समध्ये लाभांश धरलेला नसतो, तेव्हा शेअरची रेघ मुळातच थोडी खाली असते. यंदाचा फॉरवर्ड आला की मी एवढंच विचारणार आहे: शंभर कोणत्या तारखेला?